लाभांश वगळून केलेला हिशेब

शेअरबाजाराविषयी आपल्याकडे जी बोलणी चालतात, त्यांत एक समजूत इतकी खोलवर मुरलेली आहे की, ती समजूत आहे याचाच विसर पडावा. शेअर दहा वर्षांपूर्वी किती रुपयांना होता आणि आज किती रुपयांना आहे, हे दोन आकडे शेजारी मांडले की त्या शेअरने काय दिले याचा निकाल लागला, असे आपण मानतो. मध्यंतरी जो लाभांश आला असेल तो किरकोळ जमा, वरकड प्राप्ती, फार तर दिवाळीच्या खरेदीला झालेली मदत. लालबाग-परळपासून डिलाईल रोडपर्यंत ज्या घरांत पूर्वी बँकेची मुदत ठेव हीच गुंतवणुकीची सीमा होती आणि आता एखाद-दुसरे डीमॅट खाते उघडले गेले आहे, तेथे ही समजूत विशेष दृढ आहे. आणि गंमत अशी की, तोच गृहस्थ मुदत ठेवीचा हिशेब करताना ही चूक कधीही करीत नाही. एक लाखाची ठेव दहा वर्षांनंतर एक लाखच राहिली, म्हणून ठेवीने काही दिले नाही, असे कोणी म्हणेल काय? व्याज हेच ठेवीचे उत्पन्न, हे त्याला पक्के ठाऊक असते. शेअरच्या बाबतीत मात्र तो मुद्दलाचा चढउतार तेवढा पाहतो, उत्पन्न दुसऱ्या खात्यावर टाकतो, आणि मग ‘ठेवीपेक्षा शेअर वाईट’ किंवा ‘अमुक शेअर बुडीत’ असा निवाडा देऊन मोकळा होतो.

माझे म्हणणे असे की, भावावरून काढलेला परतावा हा नुसता अपुरा हिशेब नाही. पुष्कळ लाभांश देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत तो सपशेल चुकीचा हिशेब आहे. खरे मोजमाप म्हणजे लाभांश मिळताच त्याचे त्याच कंपनीचे शेअर घेतले असे धरून काढलेला एकूण परतावा. परंतु हे मोजमापही डोळे मिटून वापरण्याचे नव्हे. त्याचे काही टप्पे फार अडचणीचे असतात, आणि ते टाळून केलेली त्याची भलामण मला भावाच्या हिशेबाइतकीच उथळ वाटते.

१. भाव लाभांशाने उतरतो

प्रथम यंत्रणा समजून घेतली पाहिजे. कंपनी लाभांश जाहीर करते तेव्हा एक नोंद-तारीख ठरवते. त्या दिवशी ज्यांची नावे भागधारकांच्या यादीत असतील त्यांनाच तो मिळतो. ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला त्या लाभांशावर हक्क उरत नाही, त्या दिवशी बाजार उघडताना भाव साधारणपणे लाभांशाइतका खाली येतो. त्या दिवशी इतर बातम्याही भावाला वरखाली ओढत असल्याने हा उतार रुपया-पैशांत तंतोतंत दिसेलच असे नाही, पण त्याचे कारण उघड आहे: काल कंपनीच्या तिजोरीत असलेली रक्कम आज भागधारकांची झाली, म्हणून उरलेल्या कंपनीची किंमत तेवढी कमी झाली.

आता भावावरच भिस्त ठेवणाऱ्याचे काय होते ते पाहा. तिजोरीतून पैसा गेला याची नोंद त्याच्या हिशेबात होते, कारण भाव उतरतो. तो पैसा भागधारकाच्या बँक खात्यात आला याची नोंद मात्र होत नाही. खर्चाची बाजू लिहिली आणि जमेची बाजू कोरी ठेवली, तर कोणताही मुनीम त्याला हिशेब म्हणणार नाही. ‘लाभांश म्हणजे काही नवे धन नव्हे, आपलेच पैसे आपल्याला परत’ असा आक्षेप जे घेतात, त्यांचे विधान बरोबर आहे. पण त्याचा निष्कर्ष त्यांच्या बाजूने निघत नाही. ते आपलेच पैसे आहेत, म्हणूनच ते मोजले पाहिजेत.

उदाहरण कोल इंडियाचे घेतो. हे नाव आपल्याला परके नाही. नागपुरात मुख्यालय असलेली आणि चंद्रपूर, वणी, उमरेड या भागांत खाणी चालवणारी वेस्टर्न कोलफील्ड्स ही तिचीच उपकंपनी. २०१३ च्या डिसेंबरअखेर कोल इंडियाचा भाव सुमारे २९० रुपये होता आणि २०१४ च्या मार्चअखेर सुमारे २८९. भाव पाहणाऱ्याच्या लेखी या तीन महिन्यांत काहीच घडले नाही. प्रत्यक्षात जानेवारीत कंपनीने प्रत्येक शेअरमागे २९ रुपये लाभांश दिला होता, म्हणजे गुंतलेल्या रकमेचा दहावा भाग. (वृत्तपत्री भाषेत हाच लाभांश ‘२९० टक्के’ ठरतो, कारण तेथे टक्केवारी दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर काढतात, बाजारभावाने शेअर घेणाऱ्याला त्या आकड्याचा काडीइतका उपयोग नाही.)

२. दहा वर्षांचे एक खाते

हेच उदाहरण पुढे नेऊ. मार्च २०१४ अखेर २८९ रुपयांना कोल इंडियाचे १०० शेअर घेतले, म्हणजे २८,९०० रुपये गुंतवले, आणि ते मार्च २०२४ पर्यंत ठेवले असे समजू. जानेवारी २०१४ चा तो २९ रुपयांचा लाभांश आपल्या हाती लागत नाही, हे ध्यानात असावे. हिशेब सुटसुटीत राहावा म्हणून प्रत्येक आर्थिक वर्षातील लाभांश मार्चअखेरच्या भावाने गुंतवला असे धरतो, भाव जवळच्या रुपयापर्यंत घेतो, आणि शेअरचे अपूर्णांकही मान्य करतो. प्रत्यक्षात लाभांश वर्षभरात निरनिराळ्या तारखांना आला, त्यामुळे उत्तर थोडे इकडेतिकडे होईल; दिशा बदलणार नाही.

कृती अगदी साधी आहे. त्या वर्षीच्या लाभांशाला त्या दिवसाच्या भावाने भागावे. जो अपूर्णांक येईल तेवढे नवे शेअर जुन्या प्रत्येक शेअरमागे वाढले. पहिल्या वर्षी लाभांश २०.७० रुपये आणि भाव ३६३. म्हणजे १०० शेअरवर ५.७ नवे शेअर. दुसऱ्या वर्षी लाभांश २७.४० रुपये, भाव २९२. पण आता लाभांश १०० वर नव्हे, १०५.७ शेअरवर मिळतो, म्हणून २,८९६ रुपये हाती येतात आणि ९.९ शेअर वाढतात. पुढील चार वर्षांचे लाभांश अनुक्रमे १९.९०, १६.५०, १३.१० आणि १२ रुपये. आणि भाव मात्र २९३, २८३, २३७ असा उतरत उतरत मार्च २०२० मध्ये, महामारीच्या धास्तीत, १४० वर येऊन ठेपला.

येथे थांबून खाते तपासू, कारण याच ठिकाणी बहुतेकांचा धीर सुटला असेल. भावाच्या हिशेबाने २८,९०० चे १४,००० झाले. निम्म्याहून अधिक रक्कम गेली. ज्याने लाभांश बँकेत पडू दिला, त्याच्यापाशी १४,००० चे शेअर आणि १०,९६० रोख, असे सुमारे २४,९६० रुपये आहेत. तोटा चौदा टक्क्यांच्या आसपास. आणि ज्याने निष्ठेने प्रत्येक लाभांशाचे शेअर घेतले, त्याच्यापाशी जवळपास १५० शेअर आहेत, पण त्यांची किंमत केवळ २०,९६० रुपये! पुनर्गुंतवणूक करणारा, न करणाऱ्यापेक्षा चार हजारांनी गरीब ठरला.

पुनर्गुंतवणुकीच्या गुणगानात हा टप्पा सहसा सांगितला जात नाही. कारण स्पष्ट आहे: भाव सतत उतरत असताना ३६३ ला, २९२ ला, २९३ ला घेतलेला प्रत्येक नवा शेअर मूळ शेअरांबरोबरच घसरतो. पुनर्गुंतवणूक हे तोट्यावरचे औषध नाही; ती त्याच कंपनीवर अधिकाधिक पैसा लावण्याची कृती आहे, आणि कंपनी खरोखरच लयाला जात असेल तर ती तोटा वाढवते. गिरण्यांची मालकी असलेल्या कंपन्यांचे शेअर ज्यांनी शेवटपर्यंत सांभाळले, त्यांना हे निराळे सांगावे लागू नये.

३. उतरलेल्या भावाने केलेले काम

कोल इंडियाच्या बाबतीत कंपनी लयाला गेली नव्हती. भाव गेला होता. लाभांश चालू होता. मार्च २०२१ पर्यंतच्या वर्षात १२.५० रुपये मिळाले आणि भाव होता १३०. त्या एका वर्षात खात्यावर १४.४ शेअर वाढले. पुढच्या वर्षी १७.५० रुपये आणि भाव १८३, आणखी १५.७ शेअर. त्यापुढे २३.२५ रुपये आणि भाव २१४, आणखी १९.५. पहिल्या वर्षी जेथे सहादेखील शेअर वाढले नव्हते, तेथे आता एका वर्षात वीसच्या घरात वाढू लागले, कारण दोन गोष्टी एकाच दिशेने काम करीत होत्या: लाभांश अधिक शेअरांवर मिळत होता आणि नवा शेअर स्वस्तात येत होता. २०२२-२३ चा लाभांश मूळच्या १०० शेअरवर २,३२५ रुपये झाला असता. वाढलेल्या १८० शेअरवर तो ४,१८० रुपये झाला.

मार्च २०२३ मध्ये भाव २१४ होता, म्हणजे मूळ खरेदीपेक्षा अजूनही चौथ्या हिश्श्याने कमी. ‘नऊ वर्षे झाली, शेअर तोट्यातच’ हे वाक्य त्या दिवशी भावाच्या हिशेबाने निर्विवाद खरे होते. आणि त्याच दिवशी पुनर्गुंतवणुकीच्या खात्यावर १९९ शेअर, म्हणजे सुमारे ४२,६०० रुपये होते. नऊ वर्षांत सत्तेचाळीस टक्के ही काही मिरवण्याजोगी मिळकत नव्हे. ठेवीने निःसंशय अधिक दिले असते. पण तोटा आणि अल्प नफा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि भावाचा हिशेब त्यांतील भेद दाखवू शकला नाही.

अखेरच्या वर्षात भाव ४३४ वर गेला आणि २४.५० रुपये लाभांश आला. खाते बंद करताना शेअर होतात सुमारे २१०.६ आणि त्यांची किंमत ९१,४०० रुपये. नुसत्या भावाने १०० शेअरचे ४३,४०० रुपये झाले असते. लाभांश रोख ठेवणाऱ्याचे सुमारे ६२,१००. वार्षिक चक्रवाढ दराने बोलायचे तर भावाचा परतावा सालीना सुमारे ४.१ टक्के आणि एकूण परतावा सुमारे १२.२ टक्के. २०१४ साली बँका दीर्घ मुदतीच्या ठेवींवर आठ-नऊ टक्के व्याज देत होत्या. म्हणजे एका हिशेबाने हा शेअर ठेवीच्या निम्म्यावर उतरतो आणि दुसऱ्याने ठेवीच्या वर जातो. शेअर तोच, दहा वर्षे तीच, निकाल उलटा.

४. आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: लाभांशाचे पुन्हा शेअर घेतो कोण? अमेरिकेत कित्येक कंपन्या लाभांशाऐवजी थेट शेअर जमा करण्याची सोय देतात. आपल्याकडे शेअरच्या बाबतीत ती रूढ नाही, प्रत्येक वेळी स्वतः खरेदी नोंदवावी लागते, आणि अर्धा शेअर विकत मिळत नाही. शंभर शेअरवाल्याच्या हाती दोन हजार येतात, ते मुलांच्या फीमध्ये जातात. हे खरे आहे. पण ज्याने लाभांश खर्च केला त्याने उत्पन्न उपभोगले. त्यामुळे उत्पन्न झालेच नाही असे होत नाही. एकूण परतावा हे शेअरचे मोजमाप आहे, शेअर धारण करणाऱ्याच्या काटकसरीचे नव्हे. दोन शेअरांची, किंवा शेअरची आणि ठेवीची, तुलना करायची तर दोन्हींच्या उत्पन्नाला सारखीच वागणूक द्यावी लागते, एवढाच त्याचा दावा आहे. स्वतःची प्राप्ती मोजायची असेल तर ज्या तारखेला जी रक्कम गेली-आली ती मांडून निराळा दर काढावा.

दुसरा आक्षेप कराचा, आणि तो अधिक वजनदार आहे. एकूण परताव्याचे जे निर्देशांक प्रसिद्ध होतात त्यांत संपूर्ण लाभांश गुंतवला असे धरलेले असते. कर कापलेला नसतो. १ एप्रिल २०२० पूर्वी लाभांश-वितरणाचा कर कंपनी भरीत असे आणि सामान्य भागधारकाला तो लाभांश करमुक्त मिळे. त्या तारखेपासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि त्याच्या पायरीनुसार कर लागतो. आपल्या खात्यातील अखेरच्या चार वर्षांना ३१.२ टक्के, म्हणजे उपकरासह तीस टक्क्यांची पायरी, लावून पाहिली, तर ९१,४०० ऐवजी सुमारे ८२,४०० रुपये होतात आणि दर १२.२ वरून ११ टक्क्यांवर येतो. कर सर्वच वर्षांना लागला असता तर फरक याहून मोठा पडला असता. ज्याचे उत्पन्न वरच्या पायरीत आहे त्याने छापील आकड्यातून ही वजावट अवश्य करावी, पण ४.१ आणि ११ यांमधील दरी कराने बुजत नाही.

तिसरा आक्षेप असा की, मी तारखा सोयीच्या निवडल्या. मार्च २०२४ ऐवजी मार्च २०२० ला थांबलो असतो तर चित्र भीषण होते, हे मी स्वतःच वर दाखवले आहे. शिवाय आरंभ तीन महिने आधी धरला असता तर २९ रुपयांचा लाभांश माझ्या बाजूला आला असता, तोही मी सोडला. तारखांची मेख प्रत्येक हिशेबात असते. एकूण परतावा तिच्यापासून मुक्त नाही. म्हणूनच एका आरंभ-अंतावर विसंबू नये. मधल्या प्रत्येक मार्चअखेरची शिल्लक पाहावी. आणि मोठा लाभांश म्हणजे उदार वा सुदृढ कंपनी, असेही समजू नये. कोल इंडियाचे बहुतांश भांडवल केंद्र सरकारच्या हाती होते, आणि अशा कंपन्यांच्या लाभांशात सरकारी तिजोरीच्या निकडीचाही वाटा असतो. एखाद्या वर्षीचा घसघशीत लाभांश पुढील वर्षी मिळेलच याचा तो दाखला नव्हे.

चौथा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो: सगळेच शेअर असे नसतात. त्याचे उदाहरण तर डिलाईल रोडवरच आहे. या रस्त्यावर, म्हणजे ना. म. जोशी मार्गावर, पूर्वीच्या मफतलाल मिलच्या आवारात उभ्या राहिलेल्या मॅरेथॉन फ्युचरेक्स या इमारतीत सेंट्रल डिपॉझिटरी सर्व्हिसेस, म्हणजे सीडीएसएल, या कंपनीचे कार्यालय आहे. जून २०१७ मध्ये तिचे शेअर १४९ रुपयांना विक्रीस आले. पुढील सात वर्षांत तिने शेअरमागे दिलेल्या लाभांशाची बेरीज मूळ किमतीच्या निम्म्यापर्यंत जाते, तरीही भावच अनेक पटींनी वाढल्यामुळे लाभांश धरा वा वगळा, निकाल फारसा बदलत नाही. अशा कंपनीत भाव पाहणारा फारसा चुकत नाही. तो चुकेल दुसऱ्याच ठिकाणी: ऑगस्ट २०२४ मध्ये तिने एकास एक बोनस दिला, भाव रातोरात निम्मा झाला, आणि जुना १४९ चा आकडा नव्या भावाशी ताडण्यासाठी साडेचौऱ्याहत्तर धरावा लागला. बाजाराचे आलेख बोनसची ही दुरुस्ती बहुधा आपोआप करतात. लाभांशाची बहुधा करीत नाहीत. काही ठिकाणी मात्र तीही केलेली असते, आणि अशा भावात पुन्हा लाभांश मिळवला तर तो दोनदा मोजला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे: दहा वर्षांपूर्वीचा जो भाव पडद्यावर दिसतो तो त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापलेल्या भावापेक्षा कमी असेल आणि मध्यंतरी बोनस वा शेअरचे विभाजन झालेले नसेल, तर लाभांश त्यात आधीच मुरवलेला आहे.

५. भाव एका कागदावर, लाभांश दुसऱ्या

इतकी साधी चूक इतकी सार्वत्रिक का? माझ्या मते याचे मूळ माणसांच्या आळसात नसून कागदपत्रांच्या रचनेत आहे. नोंद-तारखेला कोणाच्या खात्यावर किती शेअर आहेत याची यादी डिपॉझिटरीकडून कंपनीच्या निबंधकाकडे जाते. लाभांश मात्र डिपॉझिटरीतून येत नाही, तो कंपनीकडून परस्पर बँक खात्यात जमा होतो. परिणामी डीमॅटच्या विवरणपत्रावर शेअरची संख्या आणि त्या दिवसाची किंमत दिसते, लाभांशाचा मागमूस नसतो. आणि बँकेच्या पासबुकात लाभांशाची एक त्रोटक नोंद वीजबिल आणि किराण्याच्या ओळींत हरवून जाते. भाव आणि लाभांश कोणत्याही एका कागदावर एकत्र येत नाहीत. सामान्य माणूस जो कागद समोर येतो त्यावरूनच निवाडा करतो.

नियामकांनाही हे उमजायला वेळ लागला. सेन्सेक्स आणि निफ्टी हे रोज उच्चारले जाणारे निर्देशांक भावाचेच आहेत. लाभांश धरणारे त्यांचे जुळे निर्देशांक निराळे प्रसिद्ध होतात. म्युच्युअल फंड वर्षानुवर्षे आपल्या कामगिरीची तुलना या लाभांशरहित निर्देशांकांशी करीत आले, वास्तविक त्यांना स्वतःला लाभांश मिळत होताच. म्हणजे न धावलेल्या अंतराचीही बढाई त्यांना मारता येत असे. सेबीने जानेवारी २०१८ मध्ये परिपत्रक काढून १ फेब्रुवारीपासून एकूण परताव्याच्या निर्देशांकाशीच तुलना करण्याचे बंधन घातले, तेव्हा हे थांबले.

व्यक्तिगत खातेदारावर असे बंधन घालणारे कोणी नाही. त्याने हिशेब मांडायचे ठरवले तर साधन उपलब्ध आहे: आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात कंपनीनिहाय लाभांश सापडतो, आणि ज्या जुन्या वर्षांचे विवरण तेथे नाही त्यांसाठी पासबुके चाळावी लागतात. पासबुकात जी रक्कम आढळत नाही तिचा शोध विशेष निकडीचा असतो. बँकेची शाखा बदलली, खाते बंद पडले, मूळ धारक वारला आणि वारसाची नोंद झाली नाही, की लाभांश परत जातो. आणि लागोपाठ सात वर्षे तो घेतला गेला नाही, तर कंपनी कायद्यानुसार ती रक्कमच नव्हे, तिच्यामागचे शेअरही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. अर्ज, दाखले आणि पडताळणी यांचा सोपस्कार पुरा केल्यावर ते परत मिळतात; पण जी वर्षे लाभांश बाहेर पडून राहिला, त्या वर्षांत तो गुंतवला असता तर जे शेअर वाढले असते, ते कोणत्याही अर्जाने परत मिळत नाहीत.